कागदाची तारीख आणि हक्काची तारीख : भारतीय लायसन्सचं जर्मनसाठी भाषांतर

माझ्या पीएचडीचा विषय अधिकृत कागदपत्रांचं भाषांतर हा आहे. जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्रं, गुणपत्रिका, पोलिसांचे दाखले अशा गोष्टी. यात भाषांतरकाराचं सगळ्यात कमी लक्ष जातं ते ड्रायव्हिंग लायसन्सकडे. कारण उघड आहे. एवढंसं कार्ड, त्यावर जेमतेम वीसेक शब्द, त्यातले निम्मे नाव-पत्ता आणि उरलेले इंग्रजी लघुरूपं. यात भाषांतर करायचं ते काय? पण जर्मनीतल्या लायसन्स कार्यालयात (तिथे त्याला फ्युररशाइनश्टेले म्हणतात) अडकलेल्या अर्जांच्या मुळाशी बऱ्याचदा हेच वीस शब्द असतात. आज महाराष्ट्रातलं एक कार्ड घेऊन ते कुठे आणि का अडतं ते बघू.

आधी नियमांचा गाभा. तुम्ही भारतातून जर्मनीत राहायला गेलात, की तिथे राहतं घर केल्यापासून सहा महिने तुमच्या भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. त्यानंतर ते लायसन्स तिथे चालत नाही आणि तरीही गाडी चालवली तर तो विनापरवाना गाडी चालवण्याचा फौजदारी गुन्हा धरला जातो. मग जर्मन लायसन्स घ्यावं लागतं. काही देशांच्या लोकांना परीक्षा न देता ते बदलून मिळतं, पण त्या यादीत भारत नाही. भारतीय लायसन्सवाल्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. सूट मिळते ती एकाच गोष्टीत, ती म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे तास. नवशिक्याला मोटारीसाठी दीड-दीड तासाचे १४ वर्ग आणि हायवे, ऑटोबान, रात्र अशा १२ खास फेऱ्या घ्याव्या लागतात. आधीच लायसन्स असलेल्याला त्या घ्याव्या लागत नाहीत, तो जेवढी गरज असेल तेवढाच सराव करून परीक्षेला बसू शकतो.

आता ही सूट मिळवायची तर आधीपासून लायसन्स होतं हे दाखवावं लागतं. ते दाखवतं कार्ड आणि त्याला जोडलेलं भाषांतर. म्हणजे या वीस शब्दांच्या भाषांतरावर बराच वेळ आणि चांगलेच पैसे टांगलेले असतात.

परवाना आणि परवानगी

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. परवानगी म्हणजे एखादी गोष्ट करायचा मिळालेला हक्क, आणि परवाना म्हणजे ती परवानगी ज्यावर लिहिली आहे तो कागद. बोलताना आपण हे मिसळतो, पण फरक कळतो. परवाना हरवला तरी परवानगी जात नाही. दुसरा परवाना काढून आणता येतो.

जर्मन कायद्यात नेमका हाच फरक काटेकोरपणे पाळलेला आहे. गाडी चालवायचा हक्क म्हणजे 'फारएरलाउब्निस', आणि खिशात ठेवायचं कार्ड म्हणजे 'फ्युररशाइन'. क्रियापदंसुद्धा वेगळी. हक्क 'बहाल' होतो (एरटाइलुंग), कार्ड 'काढून दिलं' जातं (आउसश्टेलुंग). म्हणजे तारखाही दोन. इंग्रजीत मात्र दोन्हीला एकच शब्द आहे, लायसन्स, आणि दोन्हीसाठी एकच क्रियापद, इश्यू. आपलं कार्ड इंग्रजीत छापलेलं असतं, त्यामुळे 'डेट ऑफ इश्यू' असं लिहिलेलं दिसलं की ती कागदाची तारीख की हक्काची, हे शब्दावरून कळत नाही. ते भाषांतरकाराला कार्डाची रचना बघून ठरवावं लागतं. माझ्या मते या कार्डाच्या भाषांतरातली खरी मेख इथेच आहे.

एक कार्ड घेऊन बघू

समजा, पुण्याची एक ताई आहे. जन्म मार्च १९८५चा. पहिलं लायसन्स २००४ साली काढलं, चारचाकीचं. २०१२ साली त्यात गिअरच्या मोटरसायकलची भर घातली. जानेवारी २०२४ मध्ये ती नोकरीसाठी जर्मनीला गेली. जुनं लायसन्स वीस वर्षांचं होतं, ते जूनमध्ये संपलं. जुलैमध्ये सुट्टीला पुण्यात आली तेव्हा तिने त्याचं नूतनीकरण करून घेतलं. नवं कार्ड मिळालं ते २०१९ पासून देशभर लागू झालेल्या एकसारख्या नमुन्याचं. परत गेल्यावर तिने मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि भाषांतरकाराला पाठवला. कार्ड आणि क्रमांक अर्थातच बनावट आहेत, आणि नाव-पत्ता मी गाळलाय. भाषांतरकाराला स्क्रीनवर दिसलं ते असं:

```
Indian Union Driving Licence
Issued by Government of Maharashtra
MH12 20040000000
Issue Date: 22-07-2024
Validity (NT): 21-07-2034
Validity (TR):
Date of First Issue: 14-06-20▒4
```

शेवटच्या ओळीत जिथे चौकट आहे तिथे फोटोत दिव्याचा पांढरा डाग पडलाय. कार्डाच्या चकचकीत पृष्ठभागावर हे हमखास होतं.

आता जर्मन कार्यालयातल्या माणसाच्या जागी बसून बघा. त्याला या अर्जात एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं: या बाईंना हा हक्क मिळाला तेव्हा त्या भारतात राहत होत्या का? कारण जर्मनीत राहायला आल्यानंतर सुट्टीत जाऊन बाहेरच्या देशात काढलेलं लायसन्स तिथे मानत नाहीत. नाहीतर सगळेच तसं करतील. त्याच्याकडे ताईच्या नोंदणीचा कागद आहे, त्यावर जानेवारी २०२४ आहे. भाषांतरात त्याला 'दिल्याची तारीख २२.०७.२०२४' एवढंच ठळक दिसलं, तर तो काय समजेल? बाई जर्मनीत आल्या जानेवारीत, लायसन्स काढलं जुलैमध्ये. अर्ज बाजूला.

म्हणून पहिल्या तारखेला 'आउसश्टेलुंग', म्हणजे कार्ड काढून दिल्याची तारीख म्हणायचं, आणि शेवटच्या ओळीला 'एर्स्टएरटाइलुंग', म्हणजे हक्क पहिल्यांदा बहाल झाल्याची तारीख. दोन्हीकडे एकच शब्द वापरला तर शब्दाला शब्द बरोबर असूनही माणूस अडकतो. इंग्रजी मूळ मजकुरात हा फरक 'फर्स्ट' या एका विशेषणावर उभा आहे. जर्मनमध्ये तो नामातच आणता येतो, तर आणावा.

डागाखालचा आकडा

आता तो डाग. २००४, २०१४ की २०२४? तिन्ही शक्य दिसतात, आणि यातलं २०२४ निघालं तर ताईचा अर्जच गेला.

इथे कार्ड स्वतःच मदत करतं. भारतीय लायसन्सचा क्रमांक हा नुसता क्रमांक नसतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढचे दोन आकडे आरटीओचे (१२ म्हणजे पुणे), त्यानंतरचे चार आकडे म्हणजे लायसन्स पहिल्यांदा दिल्याचं वर्ष, आणि मग सात आकडी अनुक्रमांक. नूतनीकरण झालं तरी क्रमांक तोच राहतो. इथे वर्ष २००४ आहे, म्हणजे डागाखाली शून्य असणार.

दुसरा पुरावा कार्डाच्या मागच्या बाजूला असतो:

```
LMV    MH12   14-06-2004   NT
MCWG   MH12   02-02-2012   NT
```

प्रत्येक वाहनप्रकारासमोर तो हक्क कधी मिळाला ते असतं. चारचाकीसमोर १४ जून २००४ आहे. दोन्ही पुरावे जुळतात. तिसरी पडताळणी मुदतीची. २०१९च्या दुरुस्तीनंतर तीस ते पन्नास वयाच्या माणसाला खासगी वाहनांचं लायसन्स दहा वर्षांसाठी मिळतं. ताई तेव्हा ३९ वर्षांची, आणि २२-०७-२०२४ ते २१-०७-२०३४ म्हणजे बरोबर दहा वर्षं. याचा अर्थ वरची तारीख नूतनीकरणाची आहे, हेही पक्कं झालं.

मग भाषांतरकाराने डागाच्या जागी शून्य लिहून टाकायचा का? नाही. इथे बरेच जण गोंधळतात, म्हणून जरा थांबून सांगते. शपथबद्ध भाषांतरकार खाली सही-शिक्का करतो तेव्हा तो 'मला जे दिसलं त्याचं हे पूर्ण आणि अचूक भाषांतर आहे' असं लिहून देत असतो. 'मला जे अनुमान करता आलं' असं नाही. अनुमान कितीही भक्कम असलं तरी ते त्याने न वाचलेल्या आकड्याच्या जागी बसवायचं नसतं. जे वाचता आलं नाही तिथे चौकटी कंसात 'अवाच्य' असं लिहायचं. वरच्या पडताळण्यांचा उपयोग आकडा भरायला करायचा नाही. काहीतरी गडबड आहे हे ओळखायला आणि ताईला 'दुसरा फोटो पाठवा, आणि मागची बाजूही पाठवा' असं सांगायला तो करायचा. मागची बाजू न पाठवणं ही तर नेहमीची गोष्ट. लोकांना वाटतं फोटो आणि नाव पुढे आहे, म्हणजे कार्ड तेवढंच. खरं तर हक्काच्या तारखा मागे असतात.

एलएमव्ही म्हणजे बी नव्हे

आता वाहनप्रकार. ताई भाषांतरकाराला फोनवर सांगते, "अहो, एलएमव्ही म्हणजे कारच ना? तिथे 'बी' लिहून टाका, म्हणजे त्यांना पटकन कळेल." मागणी अगदी साहजिक आहे. पण बघा काय होतं ते.

जर्मनीत 'बी' म्हणजे जास्तीत जास्त ३,५०० किलो अनुज्ञेय एकूण वजनाची गाडी, चालक सोडून आठ जागांपर्यंत. साडेतीन ते साडेसात टनांसाठी 'सी-वन' नावाचा वेगळा वर्ग आहे. आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यातली 'हलके मोटार वाहन' ही व्याख्या मात्र ७,५०० किलोपर्यंत जाते. म्हणजे एलएमव्ही ही 'बी' आणि 'सी-वन' या दोघांच्या हद्दीत पाय ठेवून उभी आहे. त्यातही कायदा मालवाहू किंवा प्रवासी गाडीचं वजन भरलेल्या अवस्थेत मोजतो आणि मोटारकारचं, ट्रॅक्टरचं रिकाम्या अवस्थेत. जर्मन नियम सगळीकडे अनुज्ञेय एकूण वजन मोजतात. त्यामुळे साडेसात हजार हा आकडा दोन्हीकडे दिसला तरी तो एकच साडेसात हजार नाही.

मोटरसायकलमध्ये तर मोजपट्टीच वेगळी. आपल्याकडे विभागणी गिअरवर आहे: एमसीडब्ल्यूजी म्हणजे गिअरची, एमसीडब्ल्यूओजी म्हणजे बिनगिअरची. एमसीडब्ल्यूजीवर शंभर सीसीची गाडीही चालते आणि साडेसहाशे सीसीचीही. जर्मनीत विभागणी ताकदीवर आहे: पन्नास सीसीपर्यंत आणि ताशी ४५ किलोमीटरपर्यंत 'एएम', १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंत 'ए-वन', ३५ किलोवॉटपर्यंत 'ए-टू', आणि त्यापुढे 'ए'. एक विभागणी उभी आणि एक आडवी असली की एकातला कुठलाच कप्पा दुसऱ्यातल्या कप्प्यात नीट बसत नाही. बिनगिअरच्या गाडीला 'एएम' लिहून टाकणारे भाषांतरकार असतात, कारण बिनगिअर म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर मोपेड येते. पण आपली रस्त्यावरची ११० सीसीची बिनगिअर स्कूटर जर्मनीतल्या मोपेडच्या वर्गात बसतच नाही.

म्हणून चांगला भाषांतरकार तीन गोष्टी करतो. कार्डावर छापलेलं लघुरूप जसंच्या तसं ठेवतो. त्याशेजारी पूर्ण रूपाचं भाषांतर देतो, म्हणजे 'हलके मोटार वाहन', 'गिअर असलेली मोटरसायकल'. आणि खाली, भाषांतरकाराची टीप असं स्पष्ट म्हणून, भारतीय कायद्यातली मर्यादा एका वाक्यात सांगतो. 'बी' हे अक्षर तो लिहीत नाही. कुठल्या जर्मन वर्गासाठी अर्ज ग्राह्य धरायचा हे ठरवणं हे त्या कार्यालयाचं काम. काही कार्यालयं भाषांतरासोबत असं वर्गीकरणही मागतात. जर्मनीतला मोठा वाहनचालक संघ एडीएसी 'भाषांतर आणि वर्गीकरण' अशी एकत्र सेवाच देतो. तुमच्या कार्यालयाला कुठलं हवंय ते आधी विचारून घेतलेलं बरं, नाहीतर दोनदा पैसे जातात.

अनुवादविद्येच्या अभ्यासक क्रिस्टियाने नॉर्ड यांनी भाषांतरांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक मूळ दस्तऐवजाची ओळख करून देणारं, दुसरं त्या दस्तऐवजाचं काम नव्या ठिकाणी स्वतःच करणारं. एलएमव्हीच्या जागी 'बी' लिहिणं म्हणजे गुपचूप पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात उडी मारणं. भाषांतर मग भारतीय कार्डाबद्दल सांगत नाही, स्वतःच जर्मन कार्ड बनायला बघतं.

'एनटी'चं काय करायचं

आणखी एक छोटी जागा. मुदतीसमोर आणि वाहनप्रकारासमोर एनटी आणि टीआर असतं, म्हणजे 'नॉन-ट्रान्स्पोर्ट' आणि 'ट्रान्स्पोर्ट'. जर्मनमध्ये 'ट्रान्सपोर्ट' हा शब्द आहेच, म्हणून तो तसाच ठेवायचा मोह होतो. मग 'निश्ट-ट्रान्सपोर्ट' वाचून जर्मन माणसाला वाटतं की या बाईंना गाडीत सामान न्यायला मनाई आहे! काही जण त्याऐवजी 'व्यावसायिक नाही' असं लिहितात. ते जवळ जातं, पण पूर्ण बरोबर नाही. आपल्या कायद्यात ट्रान्स्पोर्ट वाहन म्हणजे प्रवासी सेवेची गाडी, मालवाहू गाडी, शाळा-कॉलेजची बस आणि खासगी सेवा वाहन, म्हणजे उदाहरणार्थ कंपनीची स्वतःच्या कामगारांसाठीची बस. यातली शेवटची दोन भाडं घेत नसली तरी ट्रान्स्पोर्टच.

त्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की एलएमव्हीचं लायसन्स असलेल्याला साडेसात टनांच्या आतलं ट्रान्स्पोर्ट वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येतं. म्हणजे जो प्रश्न सोडवायला आपल्याकडे घटनापीठ बसलं, तो भाषांतरकाराने एका शब्दात निकालात काढू नये हे बरं. इथेही तेच: लघुरूप ठेवा, शब्दशः अर्थ द्या, एका ओळीत टीप.

फोटो काढताना

भाषांतरकार चांगला असला तरी त्याला दिसतं तेवढंच तो लिहिणार. म्हणून कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढा. गडद रंगाच्या सपाट पृष्ठभागावर ठेवा. फ्लॅश बंद, दिवसा खिडकीजवळ, पण ऊन थेट पडणार नाही असं. मोबाइल कार्डाच्या बरोबर वर धरा, चारही कोपरे फोटोत येऊ द्यात, कडा कापू नका. दोन्ही बाजूंचे वेगवेगळे फोटो काढा. व्हॉट्सॅपवर पाठवत असाल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि बारीक आकडे फुटतात. ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत बहुतेक तिथेच होते. फोटो मोठा करून प्रत्येक तारीख स्वतःला वाचता येते का ते एकदा बघा. तुम्हाला आली नाही तर त्यालाही येणार नाही.

भाषांतराच्या शेवटी भाषांतरकार 'माझ्यासमोर मूळ कार्ड नव्हतं, त्याचं छायाचित्र होतं' असं नमूद करतो. ते वाचून घाबरू नका, ते प्रामाणिकपणे लिहायचंच असतं. त्यामुळेच कार्यालयात जाताना मूळ कार्ड सोबत लागतं, म्हणजे तिथला माणूस भाषांतर कार्डाशी ताडून बघू शकतो. मोबाइलमधलं डिजिटल लायसन्स भारतात चालतं, पण तिथे प्लास्टिकचं कार्डच पुढे करा.

आणि एक शेवटचं. परीक्षा पास होऊन जर्मन लायसन्स हातात मिळतं तेव्हा सहसा भारतीय कार्ड तिथेच जमा करावं लागतं. परवाना त्यांच्या कपाटात जातो. तेव्हा भाषांतरासाठी काढलेले ते दोन स्वच्छ फोटो पुसून टाकू नका. पुढे पुण्यातल्या आरटीओत काही काम निघालं तर क्रमांक आणि पहिल्या तारखेसाठी तेच उपयोगी पडतील.